कापलेलं शुल्क अडकलंय कुठे?

*"डिचोली तालुक्यातून लिहिते. एका केंद्रीय भरती परीक्षेचं ८५० रुपये शुल्क रविवारी, ९ तारखेला रात्री बाबांच्या फोनवरून यूपीआयने भरलं. स्क्रीनवर 'पेमेंट फेल' आलं, पण बाबांना पैसे कापल्याचा मेसेज आला. शेवटची तारीख १२ होती, म्हणून सोमवारी साखळीच्या सायबर कॅफेत जाऊन परत भरलं. कॅफेवाल्याने स्वतःच्या कार्डावरून भरलं, मी त्याला रोख दिले. त्याची पावती मिळाली. आज १६ तारीख, रविवारचे पैसे आलेले नाहीत. बँक म्हणते व्यवहार आमच्याकडून सक्सेस आहे. हेल्पलाइन म्हणते बँकेत विचारा. पैसे परत मागितले तर फॉर्मच रद्द होईल का, ही भीती वाटते."*
— एक परीक्षार्थी

पैसे परत मागितल्याने फॉर्म रद्द होत नाही. चुकीच्या व्यवहाराचे पैसे परत मागितले तर मात्र होऊ शकतो. तुमच्या नावावर दोन व्यवहार आहेत आणि त्यांतला एक तुमच्या फॉर्मला आधार देऊन उभा आहे. त्याला हात लावायचा नाही, दुसरा सोडवून घ्यायचा. म्हणून आधी कोणता कुठला हे कागदावर पक्कं करा, तक्रार त्यानंतर.

तुमची बँक आणि हेल्पलाइन दोघंही खोटं बोलत नसावेत. फोनवर पिन टाकला की बाबांच्या खात्यातून पैसे निघतात, यूपीआयच्या यंत्रणेतून पेमेंट गेटवेच्या, म्हणजे संस्थेसाठी ऑनलाइन शुल्क गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीच्या, बँकेत पोचतात, आणि गेटवे ते पुढे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला देतो. हा झाला पैशांचा रस्ता. 'पैसे मिळाले' हा निरोप मात्र वेगळ्या रस्त्याने परीक्षेच्या पोर्टलवर जातो. एक निरोप तुमच्या ब्राउझरमधून जातो, दुसरा गेटवेच्या सर्व्हरकडून थेट पोर्टलच्या सर्व्हरला. यूपीआय अ‍ॅप उघडल्यावर फोनने मागचं ब्राउझरचं पान बंद केलं, पावसात नेटवर्क गेलं, किंवा शेवटच्या दिवसांच्या गर्दीत पोर्टलने ठरावीक मिनिटं वाट पाहून कंटाळून दार लावून घेतलं, तर पैसे पोचतात आणि निरोप राहतो. स्क्रीनवरचा 'फेल' हा शब्द पुष्कळदा निरोपाबद्दल असतो, पैशांबद्दल नव्हे. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने व्यवहार पूर्ण आणि पोर्टलच्या दृष्टीने अपुरा, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

असे अर्धवट राहिलेले व्यवहार नंतर जुळवले जातात. गेटवे आणि पोर्टल आपापल्या याद्या ताडून पाहतात. मग दोनपैकी एक घडतं. एक तर पोर्टल उशिरा का होईना मान्य करतं आणि फेल दिसणारा व्यवहार सक्सेस होतो, किंवा गेटवे पैसे आल्या वाटेने परत पाठवतो. तुमच्या बाबतीत यांतलं काय झालं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. सोमवारी दुसरं पेमेंट केल्यावर रविवारचं मागाहून सक्सेस झालं असेल, तर आता ते 'फेल' राहिलेलं नाही, ते 'दुहेरी' झालं. दोन्हींची दाद मागायची जागा वेगळी, नियम वेगळा.

हे कळायला एक सोपी खूण आहे. परीक्षेच्या पोर्टलवर तुमच्या नोंदणी क्रमांकाने लॉगिन करा आणि पेमेंटची स्थिती किंवा पेमेंटचा इतिहास दाखवणारं पान उघडा. काही पोर्टलवर `Check Payment Status` किंवा `Verify Payment` अशा नावाचं बटण असतं. ते दाबल्यावर पोर्टल गेटवेला नव्याने विचारतं. हे बटण दाबल्याने पैसे कापले जात नाहीत. जे दिसेल त्याचा तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढा. एकच सक्सेस दिसतो की दोन, एवढंच पाहायचं आहे.

आता आकड्यांकडे. एका ऑनलाइन शुल्काला कमीत कमी तीन क्रमांक असतात आणि लोक हमखास चुकीचा पाठवतात. पहिला, तुमचा अर्ज किंवा नोंदणी क्रमांक. तो दोन्ही व्यवहारांना सारखाच. दुसरा, पोर्टलने किंवा गेटवेने त्या प्रयत्नाला दिलेला ऑर्डर क्रमांक. प्रत्येक प्रयत्नाला नवा मिळतो आणि पावतीवर छापलेला असतो. तिसरा, बँकेचा संदर्भ क्रमांक. यूपीआयमध्ये तो १२ आकडी असतो, अ‍ॅपमध्ये `UTR` किंवा `UPI Ref No` या नावाने दिसतो. त्याच पानावर अक्षरं-आकडे मिसळलेला एक लांबलचक क्रमांकही असतो. तो अ‍ॅपचा अंतर्गत क्रमांक, बँकेतला माणूस त्यावरून शोधायला गेला तर बरेचदा हात हलवत परत येतो. तुम्हाला हवा तो १२ आकडी.

वहीच्या एका पानावर दोन ओळी लिहा. पहिली ओळ: ९ तारीख, रात्रीची नेमकी वेळ, ८५० रुपये, बाबांचं खाते, १२ आकडी क्रमांक, ऑर्डर क्रमांक (मिळाला तर), पोर्टलवरची आजची स्थिती. दुसरी ओळ: १० तारीख, वेळ, रक्कम, कॅफेवाल्याचं कार्ड, पावतीवरचा ऑर्डर क्रमांक, स्थिती. रविवारचा ऑर्डर क्रमांक हाताशी नसेल तर ब्राउझरची हिस्टरी, त्या रात्री आलेला ईमेल आणि पोर्टलवरचा इतिहास, अशा तीन ठिकाणी शोधा. नाहीच मिळाला तरी १२ आकडी क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम यांवरून गेटवेला तो व्यवहार सापडतो.

पुरावा म्हणून मेसेजचा फोटो पुरेसा धरू नका. मेसेज 'कापले' एवढंच सांगतो, पुढे परत आले की नाही ते सांगत नाही. ९ ते १६ तारखेचं पूर्ण बँक स्टेटमेंट पीडीएफमध्ये काढा, किंवा पासबुक भरून घ्या. त्यात रविवारची ओळ साधारण `UPI/DR/` अशी सुरू होईल आणि तिच्यात तोच १२ आकडी क्रमांक असेल. बँकेनुसार मांडणी थोडी बदलते. मग खालच्या ओळी नीट वाचा. परत आलेले पैसे `UPI/CR/`, `REV` किंवा `REFUND` अशा खुणेने स्वतंत्र जमा होतात आणि त्यांचा मेसेज येतोच असं नाही. परत मिळालेल्या पैशांसाठी आठ-आठ दिवस फोन करत बसणारे लोक असतात, कारण ८५० ची जमा दुसऱ्या व्यवहारांच्या गर्दीत त्यांनी पाहिलेलीच नसते.

पोर्टलवर रविवारचा व्यवहार अजून फेलच दिसत असेल तर

तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि पोर्टलला निरोप मिळाला नाही, या प्रकाराला रिझर्व्ह बँकेचा थेट नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने तो घातला आणि १५ ऑक्टोबर २०१९ पासून तो लागू आहे. दुकानदाराला किंवा संस्थेला केलेलं यूपीआय पेमेंट असो की ऑनलाइन कार्ड पेमेंट, खात्यातून पैसे कापले गेले पण समोरच्याला व्यवहाराची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई. परिपत्रकात 'दिवस' म्हणजे कॅलेंडरचा दिवस, त्यामुळे मध्ये रविवार आला, चवथीची सुट्टी आली, तरी मोजणी थांबत नाही.

तुमचं गणित असं. ९ तारीख हा व्यवहाराचा दिवस, तो मोजायचा नाही. १०, ११, १२, १३, १४ हे पाच दिवस. १५ पासून भरपाई सुरू. समजा पैसे १८ तारखेला आले, तर १५, १६, १७, १८ असे चार दिवस, म्हणजे ४०० रुपये. ही भरपाई ग्राहकाने मागायची वाट न पाहता खात्यात जमा करावी, असं परिपत्रकच म्हणतं. प्रत्यक्षात ती मागावी लागते, म्हणून तक्रारीत हे वाक्य घालाच. एक फरक ध्यानात असू द्या: एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने पाठवलेले पैसे अडकले तर मुदत पुढच्या दिवसापुरतीच असते. परीक्षा शुल्काला ती नव्हे, पाच दिवसांची लागते. बँकेच्या काउंटरवर 'एका दिवसात यायला हवे होते' म्हणून वाद घातलात तर उगाच तुमचीच बाजू लंगडी पडते.

ही तक्रार बाबांनी करायची आहे, तुम्ही नाही. खातं त्यांचं, यूपीआय त्यांचं. बँक दुसऱ्याशी बोलणार नाही आणि तिने बोलूही नये. त्यांच्या फोनवरच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवा, आत तक्रार नोंदवायचा पर्याय असतो. कारण विचारेल तिथे 'पैसे कापले, पण विक्रेत्याला पोचले नाहीत' या अर्थाचं निवडा. 'हा व्यवहार मी केलाच नाही' हे कारण चुकूनही निवडू नका. तो फसवणुकीचा दावा होतो. मग बँक यूपीआय किंवा कार्ड बंद करते, चौकशी दुसऱ्याच टेबलावर जाते, आणि व्यवहार तर तुम्हीच केलेला असतो. अ‍ॅपमध्ये मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा आणि तोच घालून बँकेलाही लेखी कळवा.

काउंटरवर 'सक्सेस आहे' असं तोंडी उत्तर मिळालं तर तिथून निघू नका. 'या १२ आकडी क्रमांकाचा व्यवहार पूर्ण झाला असून रक्कम अमुक लाभार्थीला जमा झाली' एवढं लेखी किंवा ईमेलवर मागा. बँकेचा नकार म्हणून त्याकडे पाहू नका. पैसे बँकेत नाहीत, गेटवेपलीकडे आहेत, याचा तो दाखला आहे. तोच कागद पुढे परीक्षा संस्थेला जोडायचा. हेल्पलाइनला 'बँकेत विचारा' म्हणायला मग जागा उरत नाही.

पोर्टलवर दोन्ही सक्सेस दिसत असतील तर

तुम्ही दिलेल्या माहितीवरून हीच शक्यता जास्त वाटते. इथे कोणताही व्यवहार फसलेला नाही, दोन्ही पोचलेत, त्यामुळे पाच दिवसांचा आणि १०० रुपयांचा नियम इथे चालवता येत नाही. जादा शुल्क परत करायचं काम परीक्षा संस्थेचं आणि तिच्या गेटवेचं. संस्थांच्या जाहिरातीत 'भरलेलं शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' असं वाक्य असतं. कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिरातीत ते दरवेळी दिसतं. ते वाचून लोक खचतात. पण त्या वाक्याचा रोख परीक्षेला बसायचा विचार बदलणाऱ्यांकडे आहे. एकाच अर्जासाठी दोनदा आलेली रक्कम हा वेगळा विषय, आणि तक्रारीत तो तशाच शब्दांत मांडायचा. 'शुल्क परत करा' असं लिहू नका, 'एकाच अर्ज क्रमांकावर दुसऱ्यांदा जमा झालेली रक्कम परत करा' असं लिहा. पहिल्या वाक्याला साचेबंद नकार येतो, दुसऱ्याला कुणाला तरी नोंदी उघडून पाहाव्या लागतात.

आता कोणते ८५० परत मागायचे? रविवारचे, बाबांच्या खात्यातले. याला दोन कारणं आहेत. तुमची पावती सोमवारच्या व्यवहाराची आहे, म्हणजे फॉर्म त्या ऑर्डर क्रमांकावर उभा आहे. शिवाय परत येणारे पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने येतात, हा पेमेंट गेटवेंसाठी रिझर्व्ह बँकेने घातलेला दंडक आहे. म्हणजे सोमवारचे परत आले असते तर ते साखळीच्या कॅफेवाल्याच्या कार्डावर गेले असते. तुम्ही त्याला रोख दिलेले, त्याच्या स्टेटमेंटमध्ये दिवसाला अशा दहा ओळी; महिन्याभराने तुमचे ८५० ओळखून परत देईल का, हा त्याच्या सज्जनपणाचा प्रश्न झाला असता. 'दोनपैकी कोणतेही एक परत करा' असं मोघम लिहिलंत तर नेमकं हेच ओढवून घ्याल.

खात्री म्हणून एक काम तक्रारीआधी करा. अर्जाची अंतिम प्रत आजच्या तारखेला पुन्हा डाउनलोड करा आणि तिच्यावरचा व्यवहार क्रमांक पावतीशी ताडून पाहा. क्वचित असं होतं की रविवारचा व्यवहार मागाहून सक्सेस झाल्यावर पोर्टल त्यालाच अर्जाशी जोडतं आणि सोमवारचा जादा ठरतो. तसं दिसलं तर कोणते परत येतील हे तुमच्या हातात राहत नाही. मग कॅफेवाल्याला आजच जाऊन भेटा, त्याच्याकडून त्या दिवसाच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे लिहून घ्या, आणि पैसे आल्यावर देईन असं त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तरी घ्या. कार्ड क्रेडिट कार्ड असेल तर जमा त्याच्या बँक खात्यात दिसणार नाही, कार्डाच्या बिलातून वजा होईल. 'खात्यात काही आलं नाही' असं तो प्रामाणिकपणे म्हणत राहील, म्हणून हे त्याला आधीच सांगा.

ईमेल तुमच्या नोंदणीकृत पत्त्यावरून, तुमच्या नावाने पाठवा. बँकेशी बाबा, परीक्षा संस्थेशी तुम्ही. ही वाटणी मोडली की दोन्हीकडची उत्तरं रखडतात. संस्थेने तक्रारीसाठी ऑनलाइन खिडकी दिली असेल तर आधी तिथे, मग त्याचा क्रमांक घालून ईमेल. मजकूर एवढाच पुरे:

> विषय: अर्ज क्र. ______ : शुल्क दोनदा जमा, जादा रक्कम परत मिळण्याबाबत
>
> वरील अर्जासाठी ८५० रुपये शुल्क दोनदा जमा झाले आहे.
> व्यवहार १: दि. ९, वेळ ____, यूपीआय, संदर्भ क्र. ____________ (१२ आकडी), ऑर्डर क्र. ______. त्या वेळी स्क्रीनवर 'फेल' दाखवले होते.
> व्यवहार २: दि. १०, वेळ ____, कार्ड, ऑर्डर क्र. ______. पावती निघाली आहे.
> माझा अर्ज व्यवहार २ वर कायम ठेवावा. व्यवहार १ ची रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी आणि परताव्याचा संदर्भ क्रमांक कळवावा.
> सोबत: पावती, ९ ते १६ तारखेचे बँक स्टेटमेंट, पोर्टलवरील स्थितीचा स्क्रीनशॉट.

हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवायचं असेल तरी क्रम हाच ठेवा. स्टेटमेंटमधल्या बाकीच्या ओळी काळ्या करा. बाबांनी बाजारात काय घेतलं ते कुणाला कळायचं कारण नाही. एटीएम पिन, कार्डाचा पूर्ण क्रमांक, आधार यांतलं काहीही जोडायचं नाही.

शेवटच्या वाक्यातली मागणी, परताव्याचा संदर्भ क्रमांक, ही महत्त्वाची आहे. 'परतावा केला आहे' असं उत्तर येतं आणि खात्यात काही दिसत नाही, तेव्हा याच क्रमांकावरून बँक माग काढू शकते. यूपीआयच्या परताव्याचा स्वतःचा संदर्भ क्रमांक असतो. कार्डाच्या परताव्याचा २३ आकडी असतो, त्याला `ARN` म्हणतात. हा क्रमांक असला की 'आम्ही पाठवले', 'आमच्याकडे आले नाहीत' हा खेळ एका फोनमध्ये संपतो. शुल्कावर गेटवेने वेगळा सेवा आकार आणि जीएसटी घेतला असेल तर तो परत येईलच असं धरू नका. परतावा मूळ शुल्काइतकाच येणं हे बरंचसं नेहमीचं आहे. ८५० च्या वर कापलेल्या दहा-बारा रुपयांसाठी नवी तक्रार उघडू नये, असं आमचं मत.

संस्थेला दहा कामाचे दिवस द्या. काहीच हललं नाही तर बाबांनी बँकेत दुहेरी आकारणीची तक्रार नोंदवायची. तिथेही कारण 'दोनदा आकारणी' हेच, आणि क्रमांक रविवारचाच. इथे चुकीचा १२ आकडी क्रमांक गेला, किंवा कॅफेवाल्याने त्याच्या बाजूने सोमवारच्या व्यवहारावर दावा टाकला, तर संस्थेच्या खात्यातून तुमचं मान्य झालेलं शुल्क काढून घेतलं जातं आणि अर्ज बिनशुल्काचा ठरू शकतो. तुमची भीती खरी ठरायची ही एकच वाट. म्हणून कॅफेवाल्यालाही सांगून ठेवा की त्याने परस्पर काही करायचं नाही.

बँकेने तक्रार घेतल्यापासून ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत, डिचोलीतून कुठे जावंही लागत नाही; १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पण त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असलीच पाहिजे, तिचा क्रमांक आणि तारीख तिथे विचारतात. आणि लोकपाल बँकेवर आहे, परीक्षा संस्थेवर नाही. केंद्र सरकारची संस्था पैसे अडवून बसली असेल तर `pgportal.gov.in` हे तक्रार पोर्टल.

शेवटची तारीख अजून हातात असताना असं झालं तर काय, हेही याच निमित्ताने लिहितो, कारण उद्या दुसऱ्या फॉर्मला हेच होईल. फेल दिसल्या दिसल्या पुन्हा भरू नका आणि मागे जायचं बटण किंवा रिफ्रेशही दाबू नका. बरीचशी दुहेरी पेमेंट तिथेच होतात. लॉगआउट करा, अर्ध्या-पाऊण तासाने परत लॉगिन करून स्थिती पाहा. दोन-तीन दिवस हाताशी असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबायला हरकत नाही, याद्या बहुधा तोवर जुळतात. उद्याच मुदत संपत असेल तर मात्र थांबू नका, दुसऱ्या मार्गाने भरा: यूपीआय फसलं तर कार्ड, कार्ड फसलं तर नेट बँकिंग. तुम्ही सोमवारी जे केलं ते बरोबरच होतं. ८५० रुपये महिन्याने परत येतात, गेलेली मुदत येत नाही.

त्या परीक्षेची सूचनापत्रिका काय म्हणते तेही पाहा, कारण संस्था वेगवेगळं सांगतात. आयबीपीएसच्या सूचनेत स्पष्ट असतं की ई-पावती निघाली नाही म्हणजे पेमेंट फसलं, परत लॉगिन करून पुन्हा भरा. केंद्रीय लोकसेवा आयोगाची तऱ्हा निराळी: ज्यांचं शुल्क बँकेकडून पोचल्याची नोंद नाही अशा अर्जदारांची यादी आयोग संकेतस्थळावर लावतो आणि पुरावा द्यायला मोजके दिवस देतो. तिथे ईमेल न पाहणारा माणूस पैसे भरूनही बाहेर पडतो. पणजीतल्या राज्य आयोगांच्या किंवा पर्वरीहून होणाऱ्या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मलाही आधी त्यांचीच सूचना वाचा. जवळ असल्याचा फायदा एवढाच की कागद घेऊन कदंब बसने थेट जाता येतं, आणि पोच घेऊन परतता येतं.

एक धोका उरला. हेल्पलाइन लागत नाही म्हणून लोक गुगलवर कस्टमर केअरचा क्रमांक शोधतात, किंवा समाजमाध्यमावर बँकेला जाहीर तक्रार करतात. पाच मिनिटांत 'रिफंड विभागातून' फोन येतो. तो लिंक पाठवतो, स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगतो, किंवा 'पैसे स्वीकारायला' पिन टाका म्हणतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. अशा वेळी पिन टाकला की पैसे जातात. क्रमांक फक्त परीक्षेच्या सूचनापत्रिकेतून, बँकेच्या पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा. चूक झालीच तर त्याच घटकेला १९३० वर फोन आणि `cybercrime.gov.in` वर नोंद.

आज संध्याकाळी करायचं एवढंच: पोर्टलवर स्थिती पाहणं, बाबांचं स्टेटमेंट काढणं, वहीत त्या दोन ओळी लिहिणं. एक सक्सेस दिसला तर बाबांची तक्रार आधी, दोन दिसले तर तुमचा ईमेल आधी. दुसऱ्या दिवशी साखळीला जाणं झालंच तर कॅफेवाल्याकडून सोमवारच्या व्यवहाराचा क्रमांक लिहून आणा, आणि तो वहीतल्या दुसऱ्या ओळीत, पहिल्या ओळीत नव्हे, नोंदवून ठेवा.